‘फोर आहे ताई’ म्हणजे कशाचा फोर? मरून कापडाचा एक रिपोर्ट

कापडवाला "ताई, फास्टनेस फोर आहे, बिनधास्त घ्या" म्हणाला, म्हणजे रंगाच्या पक्केपणाला चार मार्क, की माझा पहिला प्रश्न असतो, कशाचा फोर? धुण्याचा, घासण्याचा की उन्हाचा? आणि धुण्याचा असेल तर कापड स्वतः फिकं पडण्याचा, की शेजारच्या पांढऱ्याला रंग लागण्याचा? इथे बहुतेक वेळा समोरचा जरा थांबतो, मग म्हणतो रिपोर्ट व्हॉट्सॲप करतो. करतोही, ते चांगलंच आहे, पण तो रिपोर्ट असतो दोन पानांचा, आकड्यांनी भरलेला, आणि घेणारे बहुतेक जण त्यात कुठेतरी ४ दिसला की फोन खिशात टाकतात. मला हे फार खटकतं, कारण त्या दोन पानांत खरंच सगळं लिहिलेलं असतं, कापड कुठे वापरायचं आणि कुठे नाही ते, फक्त कुठला आकडा कुणासाठी आहे ते कळायला हवं.

मी आणि वहिनी मिळून छोटं शिवणकाम युनिट चालवतो, कुर्ते, खोळी, थोडे पडदे. मध्यंतरी एका मरून कॉटनचा रिपोर्ट आला होता, कॅम्ब्रिकसारखं पातळसर कापड, धाग्याशी जोडला जाणारा रिॲक्टिव्ह डाय, रंग इतका सुंदर की वहिनीने सॅम्पल हातात घेतलं ते सोडेचना. आमच्याकडे तेव्हा तीन कामं होती. ऑफ-व्हाइट पायपिंग लावलेले कुर्ते, भारतीय बैठकीच्या लोड-तक्क्यांच्या खोळी (खाली पांढरी चादर, अर्थातच), आणि एका बाईंना पश्चिमेच्या खिडकीला पडदे. तिन्हींना हेच मरून घ्यावं असा वहिनीचा आग्रह. तो रिपोर्टच इथे उलगडून सांगते, कारण सगळे मुद्दे त्या एका कागदात सापडतात.

धुण्याच्या टेस्टसमोर लिहिलं होतं आयएसओ १०५-सी०६, सी२एस. आकडे असे: रंगातला बदल ४-५. आणि खाली डाग लागण्याचे सहा आकडे, ॲसिटेट ४-५, कॉटन ३, नायलॉन ४, पॉलिएस्टर ४-५, ॲक्रिलिक ४-५, लोकर ४.

ही टेस्ट करतात कशी ते एकदा डोळ्यासमोर आणलं की आकडे आपोआप बोलायला लागतात. कापडाचा दहा सेंटिमीटर बाय चार सेंटिमीटरचा तुकडा घेतात आणि त्याला तेवढीच एक पट्टी शिवतात जिला मल्टिफायबर म्हणतात, म्हणजे एकाच पट्टीत सहा वेगवेगळ्या धाग्यांचे पांढरे पट्टे शेजारी शेजारी विणलेले. हे दोन्ही एका बंद स्टीलच्या डब्यात, डिटर्जंटच्या पाण्यात, सोबत स्टीलच्या बारीक गोळ्या, आणि डबा गरम पाण्यात गोल गोल फिरवतात. सी२एस म्हणजे ६० डिग्री, अर्धा तास, फक्त ५० मिली पाणी आणि २५ गोळ्या. ए१एस लिहिलं असेल तर ४० डिग्री, १५० मिली पाणी, १० गोळ्या, म्हणजे बरीच सौम्य. शेवटचा एस म्हणजे सिंगल, साधारण एका धुण्याइतकं. एम असेल तर ते अनेक धुण्यांसारखं, पाचेक धुण्यांपर्यंतचं धरतात. त्यामुळे आकड्याच्या आधी हा कोड वाचायचा. ए१एसवर मिळालेला ४ आणि सी२एसवर मिळालेला ४ हे एकसारखे नाहीत, आणि जो माल हॉटेलच्या किंवा हॉस्पिटलच्या लाँड्रीत जाणार आहे त्याला ४० डिग्रीचा रिपोर्ट दाखवणं म्हणजे काहीच न दाखवणं.

डब्यातून काढून, खळबळून, वाळवून मग ठरावीक उजेडाच्या पेटीत ग्रे स्केल नावाच्या पट्टीशी ताडून बघतात. बघणारा माणूसच असतो. दोन वेगळ्या पट्ट्या असतात, एक रंगातला बदल बघायची आणि एक डाग बघायची. दोन्हीत ५ म्हणजे काहीच फरक नाही, १ म्हणजे वाईटात वाईट, आणि मध्ये अर्ध्या पायऱ्या. ३-४ लिहिलेलं असतं ना, ते "तीन ते चारच्या मध्ये कुठेतरी" नाही, ती स्वतःची एक पायरी आहे, साडेतीन म्हणा. बाजारात ३-४ ला सर्रास "चार" म्हणून विकतात, तिथे लक्ष ठेवा.

आता महत्त्वाचं. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. ४ पासून ३, ३ पासून २, २ पासून १, प्रत्येक वेळी डोळ्याला दिसणारा फरक साधारण दुप्पट होतो. म्हणून "तीनच काय, एकच मार्क कमी" असं म्हणण्यात अर्थ नाही. माझ्या अनुभवात डागाचा ४ म्हणजे शोधला तर दिसेल अशी पुसट छटा, ३ म्हणजे न शोधता दिसते, आणि २ असेल तर तो पांढरा कपडा आता पांढरा राहिलेला नाही.

आमच्या मरूनकडे परत बघा. बदल ४-५, म्हणजे कापड स्वतः जवळजवळ जसंच्या तसं. कॉटनवर डाग ३. हे दोन आकडे एकाच धुण्याचे आहेत, आणि नवीन माणसाला वाटतं चूक झाली असणार, रंग गेलाच नाही तर शेजारी लागला कुठून? पण गडद रंगात असंच होतं. मरूनमध्ये रंग इतका ठासून भरलेला असतो की त्यातला थोडा निघून गेला तरी डोळ्याला कापडात फरक कळत नाही, तोच थोडासा रंग पांढऱ्यावर बसला की लगेच दिसतो. गडद कापडाच्या रिपोर्टमध्ये बदलाचा आकडा जवळपास नेहमीच चांगला येतो आणि विकणारे तोच पुढे करतात. त्याच्याकडे बघायचंच नाही असं नाही, पण गडद रंग घेताना माझी नजर आधी डागांच्या ओळीवर जाते.

त्या ओळीतही सगळे सहा आकडे सारखे महत्त्वाचे नसतात, आपल्या कपड्यात शेजारी काय येणार आहे तो पट्टा बघायचा. आमची पायपिंग कॉटनची, म्हणून कॉटनचा ३ हाच आमचा आकडा, बाकी पाच कितीही छान असले तरी आम्हाला त्यांचा उपयोग नाही. उलट गडद पॉलिएस्टर असेल तर तिथे डिस्पर्स डाय असतो, तो कॉटनला फारसा धरत नाही पण नायलॉन आणि ॲसिटेटला पटकन धरतो, मग पॉलिएस्टरच्या ड्रेसला पांढरी नायलॉनची लेस लावणाऱ्याने नायलॉनचा पट्टा वाचायचा. गडद अंगाच्या आणि फिक्या काठाच्या कॉटन साडीत तर हा शेजारी साडीतच विणलेला असतो, तिला "वेगळी धुवा" सांगून काय उपयोग, वेगळं करणार कशापासून?

कुर्त्याचा निर्णय त्यामुळे इथेच झाला. पूर्ण मरून कुर्ता असता तर मी हे कापड घेतलं असतं आणि लेबलवर "सुरुवातीला वेगळा धुवा" छापलं असतं. ऑफ-व्हाइट पायपिंगसाठी कॉटनवर निदान ४ हवा. ३ वर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात पायपिंग गुलाबी होते आणि फोन आम्हाला येतो.

घासण्याच्या ओळीत होतं, कोरडं ४, ओलं २. वहिनी म्हणाली, "अगं, एवढं चांगलं कापड आणि दोन?" पण गडद कॉटनला ओल्या घासण्यात २ किंवा २-३ येणं हे नवल नाहीये. ही टेस्ट क्रॉकमीटर नावाच्या साध्या यंत्रावर होते. एका दांड्याच्या टोकाला १६ मिलिमीटरची गोल खुंटी, तिला पांढरं कॉटन गुंडाळायचं, ठरलेल्या ९ न्यूटन वजनाने, म्हणजे साधारण ९०० ग्रॅम, कापडावर दहा वेळा पुढे-मागे घासायचं. एकदा कोरडं, एकदा ते पांढरं कापड ओलं करून. मग पांढऱ्यावर किती रंग आला ते डागाच्या ग्रे स्केलवर बघायचं. इथे कापडाचा रंग बदलला का हे कुणी विचारतच नाही, फक्त दुसऱ्याला लागला का एवढंच.

ओलं बहुतेक वेळा कोरड्यापेक्षा वाईट का येतं? कारण मरूनसारख्या शेडला खूप डाय लागतो आणि रिॲक्टिव्ह डायचं असं असतं की तो सगळा कॉटनला चिकटत नाही. सोडा टाकल्यावर डायचा एक भाग धाग्याशी पक्का जोडला जातो, पण बराच भाग पाण्याशीच जोडला जाऊन निकामी होतो, आणि हा निकामी डाय धाग्याच्या आत-बाहेर नुसता बसून राहतो. तो काढायला डाईंगनंतर उकळीच्या जवळच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, त्याला सोपिंग म्हणतात. पाणी, वाफ, वेळ, सगळं खर्चाचं, म्हणून घाई असली की पहिली कात्री सोपिंगला लागते. मग राहिलेला मोकळा डाय आपल्या घरी सुटतो, पहिल्या बादलीत. शिवाय गडद, पातळ कॉटनवर घासलं की रंगलेले बारीक तंतूच तुटून पांढऱ्याला लागतात, तो भाग सोपिंगनेही जात नाही. म्हणून गडद कॉटनला ओलं ४ कुणी छातीठोक सांगत असेल तर मी रिपोर्ट मागतेच.

आणि हो, मिठाचं पाणी. आपल्याकडे प्रत्येक घरात कुणीतरी सांगतं, नवा कपडा मिठात भिजव, रंग पक्का होतो. मिठाने मोकळा डाय त्या बादलीपुरता पाण्यात कमी सुटतो, एवढंच. तो धाग्याशी जोडला जात नाही, पुढच्या साध्या पाण्यात परत सुटायला मोकळाच. तुरटी आणि व्हिनेगरनेही रिॲक्टिव्ह रंग पक्का होत नाही. मोकळा डाय बाहेर काढणं हाच खरा उपाय, म्हणून कापडाला चालत असेल तर पहिली दोन-तीन धुणी कोमट-गरम पाण्यात, एकटं, भरपूर पाण्याने, आणि भिजवून विसरायचं नाही, कारण भिजत ठेवलेल्या कपड्यात सुटलेला रंग तिथेच दुसऱ्या भागावर बसतो.

खोळींचं काय? लोडावर माणसं टेकून बसतात, कोरडं घासणं सतत होणार, तिथे ४ आहे, चालेल. पण मे महिन्यात घामाने भिजलेला पांढरा कुर्ता पाठीला टेकला की ते ओलं घासणं झालं, आणि ओलं २ आहे. (घामाची वेगळी टेस्ट असते, ती या रिपोर्टमध्ये नव्हतीच, मागून घ्यायला हवी.) मी गिऱ्हाइकाला हे जसंच्या तसं सांगितलं, त्यांनी लोडांना मरून ठेवलं आणि पाठीमागच्या तक्क्यांना फिकी खोळ घेतली. सगळ्या निर्णयांत नाही म्हणायचं नसतं, कुठे वापरायचं ते हलवायचं असतं.

आता उन्हाचा आकडा. रिपोर्टमध्ये आयएसओ १०५-बी०२, झेनॉन आर्क, आणि समोर ४. ज्यांनी धुण्यातला ४ पाहून मान डोलावली ते इथेही डोलावतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कारण उन्हाची पट्टी ५ ची नाही, ८ ची आहे. धुण्यातला ४ हा पाचातला चार, उन्हातला ४ हा आठातला चार, म्हणजे मध्यम.

या पट्टीला ब्लू वूल म्हणतात. लोकरीच्या आठ निळ्या पट्ट्या, प्रत्येक वेगळ्या डायने रंगवलेली, पहिली उन्हात झटकन उडणारी आणि आठवी अतिशय टिकाऊ. आपलं कापड आणि या पट्ट्या शेजारी शेजारी लावतात, थोडा भाग पुठ्ठ्याने झाकतात, आणि झेनॉनच्या दिव्याखाली ठेवतात, ज्याचा उजेड खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हासारखा असतो. मग बघायचं की आपलं कापड कुठल्या निळ्या पट्टीच्या बरोबरीने उडालं. चौथीबरोबर उडालं तर ४. आणि या पट्ट्या अशा बसवल्या आहेत की पुढची पट्टी तेवढीच उडायला साधारण दुप्पट ऊन लागतं. म्हणजे ५ चं कापड ४ च्या दुप्पट टिकेल, ६ चं चौपट. एका पायरीसाठी जास्त पैसे द्यावेत का, असं कुणी विचारलं तर मी हेच गणित सांगते.

अंगावरच्या कपड्याला ४ पुरतो, कारण कपडा दिवसभर उन्हात नसतो, वाळत घालताना उलटा करून सावलीत घातला की झालं. पडद्याला नाही पुरत. पश्चिमेच्या खिडकीत दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट कापडावर असतं, आणि पडदा बाजूला सरकवून ठेवला की घड्यांच्या कडांवरच पडतं, त्यामुळे तो सरसकट न विटता उभ्या पट्ट्यांनी विटतो, जे अजून वाईट दिसतं. घरातल्या पडद्याला मी ५ च्या खाली जात नाही, पश्चिमेला ६ मागते. बाल्कनीतल्या उघड्यावरच्या कापडाला ७ च्या आसपास.

इथे अजून एक गोष्ट, जी कापडवाल्यांनाही सांगावी लागते. त्याच बाईंनी नंतर विचारलं, मरून नको तर त्याच क्वालिटीत बेबी पिंक द्या, फिका आहे म्हणजे विटायला काही नाहीच. उलटं आहे ते. त्याच डायची फिकी शेड उन्हात गडद शेडपेक्षा लवकर उडते, कारण तिच्यात डाय मुळातच थोडा, त्यातला जेवढा ऊन खातं तो मोठा हिस्सा होतो. गडद शेड डाग लावण्यात वाईट, फिकी शेड उन्हात वाईट. त्यामुळे एका शेडचा रिपोर्ट दुसऱ्या शेडला चालत नाही, आणि "ही सगळी रेंज टेस्टेड आहे" या वाक्याला मी काडीचीही किंमत देत नाही. रिपोर्टवर शेडचं नाव, लॉट नंबर आणि तारीख आपल्या बिलाशी जुळते का ते बघायचं. दुसऱ्या लॉटचं सोपिंग कुणी कसं केलंय, हा कागद सांगणार नाही.

रिपोर्ट नसेल, चार मीटर घ्यायला लॅबला कोण जातं, तर घरी तेवढंच करता येतं जेवढं या टेस्ट करतात, फक्त आकडा न मिळता हो-नाही मिळतं. दुकानात पांढरा सुती रुमाल ओला करून घट्ट पिळायचा, बोटाला गुंडाळून कापडाच्या किनारीवर जोर लावून दहादा घासायचा, आणि रुमाल दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघायचा, दुकानाच्या पिवळ्या दिव्यात नाही. घरी आल्यावर हातभर कापड कापून त्याला ज्या शेजाऱ्याबरोबर ते शिवायचंय त्याचीच पट्टी टाचायची, आमच्या बाबतीत ऑफ-व्हाइट पायपिंगची, आणि बरणीत गरम पाणी, डिटर्जंट घालून अर्धा तास अधूनमधून जोरात हलवायचं. पाणी लाल झालं म्हणून घाबरू नका, पाण्याचा रंग काहीच सांगत नाही, धुवून वाळलेली पायपिंग सांगते. उन्हासाठी तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ज्या खिडकीला पडदा लावायचाय तिथेच काचेच्या आत महिनाभर चिकटवायचा, शेजारी घरातल्या एखाद्या चांगल्या टिकलेल्या जुन्या पडद्याचा तुकडा. पावसाळ्यात ही टेस्ट करू नका, फसवेल.

मोठा माल घ्यायचा असेल तर मात्र लॅब. मुंबईत वरळीला सास्मिरा आहे, घाटकोपरला बीट्रा, दोन्ही जुन्या कापड संशोधन संस्था, आणि शहरोशहरी खाजगी लॅबही आहेत. सॅम्पल देताना टेस्टचा कोड स्वतः लिहून द्यायचा, नाहीतर सौम्यातली सौम्य टेस्ट होऊन येते.

मरूनचं पुढे असं झालं की मी कापड रंगवून देणाऱ्या प्रोसेसवाल्या दादांना फोन करून एकच मागितलं, हाच लॉट परत गरम सोपिंग करून द्या, फिक्सर मारून नको. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण सोपिंगचा खर्च वाचवायला डाय फिक्सिंगचं केमिकल लावून धुण्याचा आकडा वर आणता येतो, पण ते धुण्यागणिक उतरत जातं आणि बऱ्याच वेळा उन्हाचा आकडा खाली खेचतं. दादा जरा कुरकुरले, मीटरमागे दर वाढवून घेतला, पण दिलं करून. दुसरा रिपोर्ट मी स्वतः काढला, तोच सी२एस. कॉटनवर डाग ४. ओलं घासणं २-३. उन्हाचा ४ तसाच, जो घसरला नाही हे बघून मला बरं वाटलं, पण वरही गेला नाही आणि जाणारही नव्हता, कारण धुण्याने मोकळा डाय निघतो, ऊन मात्र धाग्याला पक्क्या जोडलेल्या डायलाच मोडतं. तिथे डायच बदलावा लागतो.

कुर्ते त्या मरूनमध्ये झाले, पायपिंगसकट. पडद्यांसाठी त्या बाईंना व्हॅट डायचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या डायचं मरून दाखवलं, उन्हाला ६ असलेलं, थोडं मातकट, आणि दीडपट महाग. त्या दोन दिवस विचार करून म्हणाल्या, तुमच्या कुर्त्याचा रंग जास्त छान आहे, पण खिडकी पश्चिमेची आहे, तेव्हा हेच द्या.